माणसं आली, पण कुठल्या वाटेनं?

"ट्रेन आली आणि नवी मुंबई भरली." हे वाक्य मी इतक्या लोकांच्या तोंडून ऐकलंय की आता कुणी म्हटलं की मान आपोआप हलते. वाशीचे इस्टेट एजंट म्हणतात, नेरुळच्या सोसायट्यांमधले जुने सभासद म्हणतात. आमच्या कॉलेजातल्या प्रोजेक्ट-रिपोर्टांच्या पहिल्या पानावर तर ते दरवर्षी असतंच. मी इथे समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना संशोधनपद्धती शिकवते. वाक्य खोटं नाही. पण ते अर्धं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात या शहराचा सगळा इतिहास बसलेला आहे.

कुठल्याही 'अमुकमुळे तमुक झालं' या विधानाला दोन वेगळे प्रश्न विचारता येतात. पहिला: कसं झालं? म्हणजे कारण आणि परिणाम यांच्या मध्ये काय घडलं? दुसरा: कुणाच्या बाबतीत झालं आणि कुणाच्या बाबतीत नाही? पहिल्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे मीडिएटर, मधला दुवा. दुसऱ्याचं उत्तर म्हणजे मॉडरेटर, परिणामाचा जोर कमी-जास्त करणारी परिस्थिती. गच्चीवरच्या टाकीतून तुमच्या नळाला पाणी येतं ते पाइपातून. पाइप हा मीडिएटर. त्यावरचा कॉक हा मॉडरेटर. कॉकमधून पाणी तयार होत नाही, पण किती पोचणार ते तो ठरवतो.

रूबेन बॅरन आणि डेव्हिड केनी या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८६ साली हा फरक नीट मांडणारा लेख लिहिला. संशोधक हे दोन शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरत होते, म्हणून तो लिहावा लागला. पण नवी मुंबईत हा घोळ केवळ शब्दांचा राहिला नाही. इथे एक अख्खं शहर एका मीडिएटरच्या भरवशावर आखलं गेलं होतं.

कागदावरची साखळी

१९६५ मध्ये 'मार्ग' या नियतकालिकाच्या मुंबईवरच्या विशेषांकात तिघांनी एक कल्पना मांडली. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल. मुंबई बेट दक्षिण-उत्तर लांबट आहे. नोकऱ्या दक्षिण टोकाला आणि राहायची जागा उत्तरेकडे सरकत चाललेली. त्यामुळे सकाळी सगळी माणसं एका दिशेनं जातात आणि संध्याकाळी उलट. हे थांबवायचं तर खाडीपलीकडे, मुख्य भूमीवर, नवं शहर उभारायला हवं, असं त्यांचं म्हणणं होतं.

मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र आणि ९५ गावं तिच्या ताब्यात येणार होती. कोरिया मुख्य वास्तुरचनाकार झाले, तर पटेलांकडे नियोजन आणि बांधकामाची जबाबदारी आली. पुढे तयार झालेल्या विकास आराखड्यात १९९१ पर्यंत २० लाख लोकांचं शहर धरलेलं होतं.

आता या कल्पनेची साखळी बघा. नुसती घरं बांधली तर लोक झोपायला इकडे येतील आणि कामाला तिकडेच जातील, हे या मंडळींना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांचा युक्तिवाद असा होता: आधी नोकऱ्या हलवा, मग माणसं हलतील, मग मुंबईवरचा भार कमी होईल. 'नोकऱ्या हलणं' हा मधला दुवा. त्यासाठीचं सर्वांत मोठं हत्यार म्हणजे राज्य सरकारच्या स्वतःच्या कचेऱ्या. सरकार हललं की त्यामागे खासगी कंपन्या, बँका, वकील, खानावळी हे सगळं ओढलं जाईल, अशी अपेक्षा होती. बेलापूरच्या नोडला आजही आपण 'सीबीडी' म्हणतो, म्हणजे मध्यवर्ती व्यापारी भाग. त्या नावात ती अपेक्षा अजून शिल्लक आहे.

मंत्रालय हललं नाही. बेलापूरला कोकण भवन आलं, विभागीय कचेऱ्या आल्या, पण सत्तेचं केंद्र जिथल्या तिथे राहिलं. उलट त्याच काळात नरिमन पॉइंटला समुद्रात भराव टाकून मिळवलेल्या जमिनीवर कचेऱ्यांचे टॉवर उभे राहत होते. म्हणजे ज्या टोकाची गर्दी कमी करायची, तिथेच नवीन नोकऱ्यांची सोय सरकार करत होतं. सगळा आराखडा ज्या दुव्यावर टांगला होता, तोच तुटला.

पूल मात्र झालेला होता. ठाणे खाडीवरचा वाशीचा पूल १९७३ साली सुरू झाला. तरी १९९१ च्या जनगणनेत आजच्या नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीत साधारण ३ लाख माणसं होती. पनवेलकडचा भाग धरला तरी २० लाखांच्या जवळपासही आकडा जात नव्हता. रस्ता होता, घरं होती, माणसं पुरेशी नव्हती.

मग १९९२ मध्ये मानखुर्द ते वाशी लोकल सुरू झाली. पुढच्या वर्षी ती बेलापूरला पोचली आणि १९९८ मध्ये पनवेलला. २००१ च्या जनगणनेत महापालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे ७ लाख झाली आणि २०११ मध्ये ११ लाखांच्या वर गेली. "ट्रेन आली आणि नवी मुंबई भरली" या वाक्याचा जन्म इथे आहे.

पाइप मोजायचा कसा?

दोन गोष्टी एकामागोमाग घडल्या म्हणजे पहिलीमुळे दुसरी झाली असं नाही, हे सगळ्यांनाच माहीत असतं. पण समजा ट्रेनचा परिणाम खरा आहे. मग तो कुठल्या वाटेनं झाला? सर्वांत सरळ उत्तर म्हणजे प्रवासाचा वेळ. ट्रेनमुळे कामावर पोचायचा वेळ घटला, वेळ घटला म्हणून लोक राहायला आले. हे तपासायचं कसं, ते मी वर्गात खोटे आकडे घेऊन फळ्यावर मांडते. इथेही तसंच करते. पुढचे आकडे केवळ हिशेबासाठी मानलेले आहेत.

समजा घर शोधणाऱ्या १०० कुटुंबांना नव्या स्टेशनाजवळचं घर देऊ केलं आणि तशाच दुसऱ्या १०० कुटुंबांना स्टेशनापासून लांबचं. जवळच्या घरात ५० कुटुंबं राहायला गेली, लांबच्या घरात २०. म्हणजे स्टेशनचा एकूण परिणाम ३० कुटुंबं.

आता मधला दुवा. पहिला टप्पा: स्टेशनाजवळ राहिल्यानं कामावर जायचा वेळ सरासरी किती घटला? समजा ४० मिनिटं. दुसरा टप्पा: वेळ घटल्यानं किती कुटुंबं हलली? इथे एक काळजी घ्यायची असते. हा टप्पा मोजताना स्टेशनाजवळच्या कुटुंबांची तुलना आपसात करायची आणि लांबच्यांची आपसात. नाहीतर वेळेच्या नावावर स्टेशनचे बाकीचे फायदेही जमा होतात. समजा अशा तुलनेत असं दिसलं की दर १० मिनिटांच्या बचतीमागे १०० पैकी ६ कुटुंबं जास्त हलतात. मग ४० मिनिटांमागे २४. एकूण ३० पैकी २४ कुटुंबं वेळेच्या वाटेनं आली. उरलेली ६ दुसऱ्या कुठल्या तरी वाटेनं: स्टेशनाखालची दुकानं, वर्दळीमुळे वाटणारी सुरक्षितता, पुढे भाव वाढेल ही आशा.

एवढं झालं की मीडिएटरचा हिशेब संपला. पण अजून दुसरा प्रश्न शिल्लक आहे: कुणाच्या बाबतीत?

त्याच कुटुंबांचे दोन समान गट पाडा. एकाचा कमावता माणूस फोर्टात नोकरीला, दुसऱ्याचा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एमआयडीसीत. समजा फोर्टवाल्यांत स्टेशनाजवळच्या घरात दर १०० पैकी ५५ गेले आणि लांबच्या घरात ५. फरक ५०. एमआयडीसीवाल्यांत ४५ आणि ३५. फरक १०. दोन्हींची सरासरी तीच ३०. पण ३० हा आकडा या शहरातल्या एकाही कुटुंबाची गोष्ट सांगत नाही. एका गटासाठी स्टेशन म्हणजे सगळं काही, दुसऱ्यासाठी जवळजवळ काहीच नाही. कामाचं ठिकाण हा इथला मॉडरेटर, म्हणजे कॉक.

आता माझ्या मते सर्वांत उपयोगाचा भाग. हा कॉक पाइपाच्या कुठल्या तुकड्यावर बसलाय? समजा पुन्हा मोजल्यावर दिसलं की फोर्टवाल्यांचा वेळ ७० मिनिटांनी घटला आणि एमआयडीसीवाल्यांचा फक्त १० मिनिटांनी. पण दर १० मिनिटांमागे ६ कुटुंबं हे प्रमाण दोन्ही गटांत सारखंच निघालं. म्हणजे वेळ वाचला तर दोघंही सारख्याच उत्साहानं येतात. फरक इतकाच की एमआयडीसीवाल्याचा वेळ या ट्रेननं वाचतच नाही. कॉक पहिल्या तुकड्यावर आहे.

याचा अर्थ उपायही त्याच तुकड्यावर करायला हवा: त्याच्या कामाच्या दिशेनं ट्रेन. ठाण्याहून तुर्भेमार्गे जाणारी ट्रान्स-हार्बर लोकल २००४ मध्ये सुरू झाली, ती या तर्कात नेमकी बसते. उलट समजा एखाद्या गटाचा वेळ भरपूर वाचतो, तरी तो येत नाही, कारण डिपॉझिट भरायला पैसे नाहीत. तेव्हा कॉक दुसऱ्या तुकड्यावर आहे. तिथे आणखी दहा गाड्या सोडून काही होणार नाही; परवडणारी घरं लागतील. "ट्रेनचा परिणाम सरासरी ३०" एवढंच हातात असेल, तर यातला कुठला उपाय करायचा हे कळायला मार्ग नाही.

माथाडी आणि कारकून

आता खऱ्या इतिहासाकडे परत येऊ. सरकारी कचेऱ्यांचा दुवा तुटला हे आपण पाहिलं. पण नोकऱ्या हलण्याचा दुवा सगळ्यांसाठी तुटला नव्हता.

मुंबईचा कांदा-बटाटा, धान्य आणि मसाल्यांचा घाऊक व्यापार मस्जिद बंदरच्या परिसरात चाले. फळं क्रॉफर्ड मार्केटला, भाजी भायखळ्याला. ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत हे बाजार टप्प्याटप्प्यानं वाशी-तुर्भ्याच्या एपीएमसीत आले. बाजाराबरोबर माथाडी आले. पोती पाठीवर वाहणाऱ्या या कामगारांना १९६९ च्या माथाडी कायद्यानं संरक्षण मिळालेलं होतं, आणि पुढे कोपरखैरणे, घणसोली या भागांत त्यांच्यासाठी वसाहती झाल्या. सातारा-सांगलीकडची, जुन्नरकडची कितीतरी कुटुंबं या वाटेनं नवी मुंबईकर झाली. त्यांच्या बाबतीत १९७० ची साखळी अगदी कागदावरच्यासारखी चालली: काम हललं, म्हणून माणूस हलला.

फोर्टातल्या कारकुनाचं काम हललं नाही. तो आला ते ट्रेनमुळे. काम तिकडेच ठेवून तो इकडे राहायला आला. वाशीहून सीएसएमटीला लोकलनं साधारण पाऊण तास लागतो, आणि तेवढ्यात मुंबईत त्याला परवडलं नसतं असं घर इथे मिळत होतं.

दोघंही जनगणनेत एकेकच डोकं. लोकसंख्येच्या तक्त्यात त्यांच्यात काही फरक दिसत नाही. पण मूळ उद्देश आठवा: मुंबईवरचा भार कमी करणं. माथाडी आला तेव्हा मुंबईतली सकाळची गर्दी एका माणसानं कमी झाली. कारकून आला तेव्हा गर्दी तेवढीच राहिली, फक्त हार्बर लाइनवर सरकली. सकाळी साडेआठला नेरुळहून सीएसएमटी लोकल पकडायचा प्रयत्न करून बघा. १९६५ मध्ये ज्या एकेरी गर्दीवर उपाय शोधला जात होता, ती तिथे उभी असते.

म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगते, परिणाम सारखा आहे म्हणून गोष्ट सारखी समजू नका. "नवी मुंबई यशस्वी झाली का?" याला नुसत्या लोकसंख्येवरून उत्तर दिलं तर "उशिरा, पण हो" असं येतं. मीडिएटर बघितला तर उत्तर येतं: ज्यांच्यासाठी काम हललं त्यांच्यापुरती ती योजनेप्रमाणे यशस्वी झाली, बाकीच्यांसाठी ती वेगळ्याच वाटेनं भरली, आणि त्या वाटेच्या शेवटी मूळ उद्देश नव्हता. पुढे महापे, ऐरोलीला आयटी कंपन्या आल्या आणि पहिली वाट पुन्हा थोडी उघडली. पण तो मंत्रालयाचा दुवा नव्हे. तो नंतर, दुसऱ्याच कारणानं तयार झाला.

कुठे फसतं?

या सगळ्या हिशेबात तीन ठिकाणी पाय घसरतो.

पहिलं म्हणजे उलटी दिशा. वाशीच्या रेल्वेमार्गाच्या खर्चाचा साधारण दोन तृतीयांश वाटा सिडकोनं उचलला होता. असा पैसा सिडको घालते तो जमीन विकून शहर उभं करायचं असतं म्हणून. म्हणजे जिथे वस्ती वाढणार असं आधीच दिसत होतं तिथे ट्रेन आली, असंही म्हणता येतं. त्यात त्याच दशकात बाजार येत होते, खाडीवर दुसरा पूल झाला. १९९१ आणि २००१ चे दोन आकडे शेजारी ठेवून सगळं श्रेय ट्रेनला देता येत नाही.

दुसरं म्हणजे वेळेचा क्रम. मीडिएटर कारणानंतर आणि परिणामाच्या आधी घडायला हवा. ज्यांनी ट्रेन येणार या बातमीवर १९९० मध्येच फ्लॅट बुक केला, त्यांच्या बाबतीत 'वाचलेला वेळ' हा दुवा असूच शकत नाही. तेव्हा वेळ वाचलेलाच नव्हता. तिथे दुवा आहे आशा. हे ओळखायला मोठं गणित लागत नाही. घर कधी बुक केलं आणि कुटुंब प्रत्यक्ष राहायला कधी आलं, या दोन तारखा विचारल्या की पुरतं. मॉडरेटरचा नियम याच्या उलट: तो कारणाच्या आधीपासून असायला हवा. ट्रेन यायच्या आधीपासून माणूस फोर्टात कामाला असेल तर कामाचं ठिकाण हा मॉडरेटर. पण ट्रेन सुरू झाली म्हणून त्यानं तुर्भ्याची नोकरी सोडून फोर्टात धरली असेल, तर तेच कामाचं ठिकाण मधला दुवा बनतं. गोष्ट एकच, भूमिका दोन. कुठली ते तारीख ठरवते.

तिसरं सर्वांत चोरटं. ज्यांना प्रवास कमी करायचा असतो आणि ज्यांना घर घेणं परवडतं, ते बहुतेकदा एकच लोक असतात: बऱ्या पगाराचे. मग "वेळ वाचला म्हणून घर घेतलं" असं दिसतं, पण प्रत्यक्षात दोन्हींमागे पगार असतो. स्टेशनाजवळचं घर कुणाला द्यायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं तरी ही अडचण सुटत नाही, कारण चिठ्ठ्या स्टेशनच्या टाकल्या, वेळेच्या नाही. वाचलेला वेळ कुणाला किती मिळाला हे अजूनही माणसाच्या स्वतःच्या परिस्थितीवरच ठरतं. म्हणून दुसऱ्या टप्प्याच्या आकड्यावर पहिल्याइतका विश्वास ठेवू नये आणि पगारासारख्या गोष्टी वेगळ्या काढून तो पुन्हा तपासावा.

नवा पूल, जुना प्रश्न

१२ जानेवारी २०२४ ला शिवडी ते न्हावा-शेवा अटल सेतू सुरू झाला. जवळपास २२ किलोमीटर लांब. तेव्हापासून उलवे, द्रोणागिरी, पनवेलकडच्या जाहिरातींत एक वाक्य फिरतंय: वाशीला ट्रेननं जे केलं ते इथे हा सेतू करेल.

दोन प्रश्न विचारून बघा. कसं करेल? प्रवासाचा वेळ कमी करून. म्हणजे मधला दुवा तोच. कुणासाठी? सेतूवर दुचाकीला आणि रिक्षाला बंदी आहे आणि त्यावरून लोकल जात नाही. सुरुवातीला मोटारीचा एकेरी टोल २५० रुपये ठेवला गेला. १९९२ च्या लोकलचा कॉक कामाच्या ठिकाणावर होता. पास काढण्याइतके पैसे फोर्टातल्या शिपायाकडेही असत. या सेतूचा कॉक गाडीच्या किल्लीवर आहे. ज्याच्याकडे ती नाही त्याच्यासाठी पाइपाचा पहिला तुकडाच बंद, सेतूवरून पुरेशा स्वस्त बस धावेपर्यंत तरी.

तेव्हा उलव्याच्या साइट ऑफिसात कुणी तुम्हाला "शिवडी फक्त २० मिनिटं" असं सांगितलं, तर एवढंच विचारा: कशानं जाणाऱ्याला?